सहलीच्या ग्रुपवरचे हजार मेसेज एका पानावर: पक्कं काय, सोडलं काय, लटकलंय काय

सहलीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘तिकिटं झाली’ असा मेसेज पडतो, तेव्हा तिकिटं खरंच झालेली असतात असं नाही. महिनाभर गप्पा चालल्या की कोण काय म्हणालं आणि प्रत्यक्षात काय झालं याची सरमिसळ होते. मग निघायच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, ‘अरे, पण स्टेशनवरून पुढे न्यायला गाडी कुणी सांगितलीय?’ आणि तिघं तीन उत्तरं देतात. त्याआधीच एकाने बसून सगळा ग्रुप वाचावा आणि एका पानाची नोंद करावी. सलग बसलं तर एका संध्याकाळचं काम आहे. ते कसं करायचं हे एक ग्रुप समोर ठेवूनच बघू.

समजा, ग्रुपचं नाव ‘मालवण २६ जाने’. दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी. ताई, भाऊजी आणि त्यांचा मुलगा. शिवाय काका, काकू आणि आत्या, असे नऊ जण. २०२६ चा प्रजासत्ताक दिन सोमवारी आलाय, म्हणून शुक्रवारी २३ जानेवारीला रात्री मुंबईहून निघायचं, शनिवार-रविवार देवबागला राहायचं आणि सोमवारी रात्रीच्या गाडीने परतायचं, असा बेत. गप्पा १० नोव्हेंबरला सुरू झाल्या. आज १३ डिसेंबर आहे आणि ताईच्या मते ‘सगळं झालंय, आता फक्त बॅगा भरायच्यात’.

आधी मजकूर हातात घ्या

मोबाइलवर वर-खाली सरकवत हजार मेसेज वाचले तर निम्मे निसटतात. त्यामुळे आधी गप्पांची फाइल काढा. अँड्रॉइडवर ग्रुप उघडून तीन ठिपके, मग `More`, मग `Export chat`. आयफोनवर ग्रुपच्या नावावर टिचकी मारली की खाली `Export chat` दिसतं. `Without media` निवडा. साधी मजकुराची फाइल मिळते, ती स्वतःलाच मेल करून कॉम्प्युटरवर उघडा. ग्रुपमध्ये `Advanced chat privacy` सुरू असेल तर फाइल निघणार नाही. ते बंद करायला सांगावं लागेल. या फाइलमध्ये सगळ्यांचं सगळं बोलणं असतं, तेव्हा ती पुढे कुणाला पाठवू नका आणि काम झालं की पुसून टाका.

या फाइलवर पूर्ण विसंबूनही चालत नाही, कारण तिच्यात तीन गोष्टी येत नाहीत आणि सहलीच्या ग्रुपवर नेमके त्यांच्यातच निर्णय दडलेले असतात. पहिली, मेसेजवर दिलेले अंगठे आणि बदाम. काका कधीच काही लिहीत नाहीत, फक्त अंगठा देतात. फाइलमध्ये काका जणू ग्रुपवर नाहीतच. दुसरी, कुणी कोणत्या मेसेजला उत्तर दिलं ते. २८ नोव्हेंबरला काकूंनी लिहिलंय, ‘हो हेच फायनल करा’. फाइलमध्ये त्याच्या आधीचा मेसेज आहे जेवणाच्या दराबद्दलचा. ग्रुप उघडून पाहिलं तर कळतं की ते उत्तर दोन दिवसांपूर्वीच्या खोल्यांच्या फोटोला आहे. तिसरी गोष्ट म्हणजे फोटो आणि व्हॉइस मेसेज. अँड्रॉइडच्या फाइलमध्ये त्यांच्या जागी नुसतं `<Media omitted>` उरतं. सहलीच्या ग्रुपवर तिकिटांचे आणि पैसे भरल्याचे पुरावे बहुतेक फोटोंच्याच रूपात असतात. तेव्हा फाइल वाचायला आणि शोधायला घ्या, पण खात्री करायला प्रत्येक वेळी मूळ ग्रुपकडे जा.

एक बारीक गोष्ट. तारीख कशी छापली जाते ते फोनच्या सेटिंगवर अवलंबून असतं. `11/12/25` म्हणजे ११ डिसेंबर की १२ नोव्हेंबर? आपल्या ग्रुपवर दोन्ही दिवशी गप्पा झाल्यात, त्यामुळे हा गोंधळ खरोखर होऊ शकतो. फाइलमध्ये बारापेक्षा मोठा आकडा कुठल्या जागी येतो ते पाहा, क्रम लगेच कळतो.

वाचन शेवटाकडून

पहिल्या मेसेजपासून वाचायला बसू नका. सुरुवातीचे दोनशे मेसेज गोवा की महाबळेश्वर, नाताळची सुट्टी की प्रजासत्ताक दिन, यातच गेलेले असतात आणि त्यातलं जवळपास काहीच उरलेलं नसतं. शेवटच्या आठवड्याकडून मागे या. आधी फक्त सांगाडा ठरवा: तारखा, माणसं, मुक्कामाचं गाव. या तिन्हींबद्दल ग्रुपवर सर्वांत शेवटी काय बोललं गेलं तेच धरायचं.

इथेच पहिला खडा लागतो. सगळे नऊ जण धरून चाललेत, पण ६ डिसेंबरला आत्याने लिहिलंय, ‘मी बहुतेक नाही गं येत, गुडघ्याचं बघते.’ त्यावर ताईने ‘असं कसं चालेल’ म्हणत रडके चेहरे टाकले आणि विषय पुढे सरकला. तीन दिवसांनी आत्याच विचारते, मालवणात जास्वंदीची रोपं मिळतील का. आता येणार की नाही? मेसेजवरून सांगता येत नाही, आणि नोंद करणाऱ्याने अंदाज बांधायचाही नाही. माणसांचा आकडा ‘आठ किंवा नऊ’ असाच लिहायचा आणि आत्या लटकलेल्या प्रश्नांत जाते. अशा प्रश्नाचं उत्तर ग्रुपवर मागू नये, थेट फोन करावा. चारचौघांत विचारलं की ती संकोचाने ‘येते’ म्हणणार आणि दोन आठवड्यांनी पुन्हा ‘बघते’.

सांगाडा झाला की शोधायचे शब्द घ्या: `PNR`, ‘तिकीट’, ‘टोकन’, ‘अॅडव्हान्स’, ‘बुक’, ‘पाठवले’, `₹`, `UPI`. त्यासोबत प्रत्येक `<Media omitted>`. जिथे जिथे सापडतील तिथला मेसेज तारखेसकट वेगळ्या कागदावर उतरवा. ही झाली पुराव्यांची यादी. याच यादीवरून पहिला रकाना भरायचा, लोकांच्या उत्साहावरून नाही.

पक्कं म्हणजे काय

नियम एकच ठेवा. ज्याचा पुरावा आहे आणि तो पुरावा तुम्ही स्वतः उघडून वाचलाय, तेच पक्कं. गाडीच्या तिकिटासाठी पुरावा म्हणजे पीएनआर नंबर आणि आजची त्याची स्थिती. तिकीट काढलं त्या दिवशीची नव्हे. मुक्कामासाठी पैसे पोचल्याची पावती आणि खोल्या, तारखा, दर लिहिलेला मालकांचा मेसेज. ‘बोलून ठेवलंय’, ‘ओळखीचे आहेत’, ‘काळजी करू नका’ हे पुरावे नाहीत. मालवणकडे शब्दाला माणसं पक्की असतात हे खरं, पण जोडून आलेल्या सुट्टीत त्याच माणसाकडे चार घरांचा शब्द गेलेला असतो.

आता तिकिटांचं बघू. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. त्यामुळे नऊ जणांची तिकिटं दोन पीएनआरमध्ये विभागली जाणार हे उघड होतं. ग्रुपवर तो दिवस असा दिसतो:

```
25/11/25, 8:14 am - दादा: झाली! आमची सहा कन्फर्म, स्लीपर
25/11/25, 8:15 am - वहिनी: 👏👏
25/11/25, 8:31 am - भाऊजी: आमची तीन मी काढतो
25/11/25, 9:02 am - भाऊजी: <Media omitted>
25/11/25, 9:03 am - भाऊजी: काढली. कन्फर्म
25/11/25, 9:10 am - ताई: चला, सगळ्यांची झाली 🎉
```

वरवर पाहता यात काहीच चूक नाही. दोघंही कन्फर्म म्हणतायत आणि दोघंही खरं बोलतायत. पण ९ वाजून २ मिनिटांचा तो फोटो उघडून त्यावरची तारीख वाचा. गाडी आहे दादर–सावंतवाडी तुतारी एक्स्प्रेस. ती दादरहून मध्यरात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री घरून जेवून निघालेल्या माणसाच्या तिकिटावर शनिवारची, २४ जानेवारीची तारीख हवी. दादाने २४ चं काढलंय. भाऊजींनी मात्र ‘शुक्रवारी रात्री निघायचं’ हे डोक्यात ठेवून २३ चं काढलंय. त्यांची गाडी गुरुवारी मध्यरात्रीच निघून जाणार. ते शुक्रवारी रात्री बॅगा घेऊन स्टेशनवर पोचतील तेव्हा त्यांच्या जागा चोवीस तासांपूर्वीच दादरहून निघून गेलेल्या असतील.

अठरा दिवसांत नऊपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही, कारण प्रत्येकाने ‘कन्फर्म’ हा शब्द वाचला, तिकीट कुणी वाचलं नाही. म्हणून पक्क्याच्या रकान्यात तारीख कधीही मेसेजवरून घेऊ नका, तिकिटावरूनच उतरवा आणि वारासकट लिहा. रात्री बारा ते पहाटे पाचमधल्या कोणत्याही गाडीसाठी, बससाठी किंवा विमानासाठी दोन्ही बाजू लिहा: ‘शुक्रवार २३ ला रात्री घरून निघायचं, गाडी शनिवार २४ च्या तारखेची, ००:०५’. असं लिहिलं की चूक डोळ्यांत खुपते.

भाऊजींची तिकिटं मग कोणत्या रकान्यात जातात? पक्क्यात नाही. २४ ची काढून ही रद्द करावी लागतील. २०२५ च्या नियमाप्रमाणे गाडी सुटायला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त वेळ असेल तर स्लीपरचं कन्फर्म तिकीट रद्द करताना माणशी १२० रुपये कापले जातात, त्यामुळे पैशाचं नुकसान फार नाही. अडचण ही की २४ च्या गाडीत आता जागा मिळेल का. हा लटकलेला प्रश्न आहे, आणि सर्वांत तातडीचा.

परतीचं चित्र वेगळं आहे. सोमवार २६ ची कुडाळहून कोकणकन्या, तिकिटं पुन्हा दोन पीएनआरवर. दादाने लिहिलंय, ‘परतीची पण काढून ठेवलीत.’ काढून ठेवलीत हे खरंच. पण आज पीएनआर तपासला तर सहा जण `RAC` वर आहेत आणि तिघं `WL` वर. या दोघांत मोठा फरक आहे, तो नोंदीत दिसलाच पाहिजे. आरएसी असेल तर गाडीत चढता येतं; झोपायची जागा मिळाली नाही तरी बसायला मिळते, बाजूचा खालचा बाक दोघांत वाटून. वेटिंगचं तसं नाही. ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरचे सगळेच प्रवासी चार्ट लागेपर्यंत वेटिंगवर राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. म्हणजे तिघं कुडाळला अडकू शकतात. तेव्हा आरएसीचं तिकीट ‘पक्कं, पण झोपायची खात्री नाही’ असं पहिल्या रकान्यात लिहिता येईल. वेटिंगचं तिकीट सरळ लटकलेल्यांत.

मुक्कामाचं काम त्या मानाने सोपं निघालं. वहिनीने २८ नोव्हेंबरला रात्री बारा वाजायला दोन मिनिटं असताना लिहिलं, ‘उद्या टोकन पाठवते’, आणि २९ ला ६,००० रुपये पोचल्याचा फोटो टाकला. मालकीणबाईंचा मेसेजही आहे: तीन खोल्या, २४ आणि २५ जानेवारीच्या रात्री, खोलीला रात्रीचे २,५००. हिशेब १५,००० चा, उरलेले ९,००० तिथे गेल्यावर. हे निःसंशय पक्कं. फक्त ‘नाश्ता करून देतात’ हे वहिनीने फोनवर ऐकलेलं आहे. दरात धरून की वेगळे पैसे, ते कुठेच नाही. खोल्या पक्क्या, नाश्ता लटकलेला. एकाच बुकिंगचे असे दोन तुकडे करायला संकोचू नका.

सोडून दिलेलं: कारणासकट

हा रकाना बहुतेक लोक लिहीतच नाहीत. सोडलं तर सोडलं, परत कशाला उगाळायचं, असं वाटतं. पण नोंद पाठवल्यावर अर्ध्या तासात कुणीतरी हमखास विचारतं, ‘आपल्याच गाड्या का नाही नेत?’ आणि नोव्हेंबरातली चर्चा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. पर्याय आणि त्यापुढे कारण, एवढी एक ओळ असली की ती थांबते.

इथे एक फरक कटाक्षाने पाळा: ‘नको म्हटलं’ आणि ‘मिळालं नाही’. स्वतःच्या गाड्या नकोत, कारण मुंबईहून पाचशेच्या घरात किलोमीटर आणि चालवणारे दोघंच. हे नको म्हटलेलं. गोव्यातल्या मोपाला विमानाने जायचं नको, कारण सुट्टीतले दर. हेही नको म्हटलेलं. पण तारकर्लीच्या एमटीडीसी रिसॉर्टच्या खोल्या कुणी नाकारल्या नव्हत्या, त्या तारखांना भरलेल्या होत्या. उद्या तारीख बदलली तर तो पर्याय पुन्हा जिवंत होतो. गाड्यांचा होत नाही, कारण चालवणारे दोघंच राहणार.

तिसरा एक प्रकार असतो, तो फसवा. १५ नोव्हेंबरला भाऊजींनी वेंगुर्ल्याच्या एका घराची लिंक टाकली होती. त्यावर कुणीच काही बोललं नाही. खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि लिंक वाहून गेली. हे नाकारलेलं नाही, याला उत्तर मिळालेलं नाही. देवबागचे पैसे भरल्यावर त्याला अर्थ उरला नाही, एवढंच. नोंदीत ‘वेंगुर्ला नको’ असं लिहिलंत तर भाऊजी विचारतील, नको कुणी म्हटलं, आणि त्यांचं बरोबर असेल. ‘वेंगुर्ला: चर्चा झाली नाही, देवबाग ठरल्याने मागे पडलं’ असं लिहा. घरातल्या घरात या शब्दांना महत्त्व असतं.

कारणं नीट लिहिल्याचा खरा उपयोग परतीच्या वेळी होतो. १८ नोव्हेंबरला रात्रीच्या बसचा पर्याय वहिनीने मोडून काढला होता, ‘हिला बस लागते’ म्हणून. नोंदीत नुसतं ‘बस: नको’ एवढंच असतं तर वेटिंगवरच्या तिघांसाठी बसचा विचारही कुणी केला नसता. पण कारण वाचलं की दिसतं, बस लागते ती दादा-वहिनींच्या मुलीला, आणि ती तर आरएसीवर आहे. वेटिंगवर आहेत ताई, भाऊजी आणि त्यांचा मुलगा. त्यांच्यापैकी कुणालाच बस लागत नाही. सोडलेला पर्याय या तिघांपुरता परत खुला होतो.

लटकलेलं: प्रश्न, माणूस, तारीख

‘स्कूबाचं बघायचंय’ ही नोंद नव्हे. लटकलेली प्रत्येक गोष्ट उत्तर देता येईल अशा प्रश्नाच्या रूपात लिहा. त्यापुढे कोणते पर्याय उरलेत, कोण ठरवणार आणि कधीपर्यंत. ही शेवटची तारीख मनाने टाकायची नाही, ती कुठून तरी आलेली असते. ती शोधणं हेच या रकान्यातलं खरं काम.

परतीच्या वेटिंगचंच घ्या. ग्रुपवर दादाचं म्हणणं, ‘नाहीतर तत्काळमध्ये काढू.’ बिगर-एसी तत्काळ प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं. आदला दिवस म्हणजे रविवार २५, सकाळी अकरा. त्या वेळी ही मंडळी कुठे असणार? बेताप्रमाणे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत. म्हणजे तत्काळवर विसंबायचं तर कुणीतरी एकाने किल्ला सोडून नेटवर्क असलेल्या जागी बसायला हवं, आणि सुट्टीच्या परतीच्या दिवशी तत्काळ मिळेलच असं नाही. त्यामुळे बसची आसनं हाताशी असेपर्यंतच निर्णय व्हायला हवा. १० जानेवारी ही तारीख ठीक वाटते: तोवर वेटिंग किती सरकलं ते दिसेल आणि बसमध्येही जागा असण्याची शक्यता असेल.

कुडाळहून देवबाग चाळीसेक किलोमीटर. नऊ माणसं आणि सामान एका गाडीत न्यायचं तर मोठी गाडी सांगावी लागेल, दोन रिक्षांत हे होणार नाही. ग्रुपवर वहिनीने लिहिलंय की मालकीणबाईंचे ओळखीचे गाडीवाले आहेत, ‘बोलून ठेवलंय’. नाव नाही, दर नाही, कुठल्या गाडीवर यायचं ते सांगितलेलं नाही. हा प्रश्न स्वतःच्या बळावर सुटतही नाही, कारण आत्या येणार की नाही आणि भाऊजी त्याच गाडीने येणार की नाही, या दोन उत्तरांवर तो अवलंबून आहे. असे प्रश्न एकाखाली एक लिहा, ज्याच्यावर बाकीचे अडकलेत तो वर. आपल्याकडे वरचा क्रम असा लागतो: भाऊजींची तिकिटं, आत्या, मग गाडी. स्कूबा कोण करणार आणि नाश्त्याचे पैसे किती, हे शेवटी. ते तिथे गेल्यावर ठरलं तरी आभाळ कोसळत नाही.

वाचता वाचता काही गोष्टी अशाही दिसतील ज्यांबद्दल ग्रुपवर कुणी एक शब्दही काढलेला नाही. खोली सोमवारी सकाळी सोडायची आणि कोकणकन्या रात्रीची. मधल्या वेळात नऊ जणांचं सामान कुठे राहणार? शिवाय सोमवारी काकू आणि आत्या मासे खात नाहीत, तेव्हा माशांचं जेवण शनिवार-रविवारीच आटपायला हवं. हे प्रश्न चांगले आहेत, पण ते तुमचे आहेत, ग्रुपचे नाहीत. शेवटी ‘कुणी विचारलं नव्हतं, पण’ असं म्हणून वेगळे लिहा. गप्पांतून आलेल्या गोष्टींत स्वतःच्या सूचना मिसळल्या की लोकांचा नोंदीवरचा विश्वास उडतो.

नोंद कशी दिसते

पाठवायचा मेसेज इतपत असावा:

> मालवण, १३ डिसेंबर रात्री ९ पर्यंतच्या गप्पांवरून
>
> पक्कं
> जाणं: दादा, वहिनी, मुलगी, काका, काकू, आत्या. तुतारी, दादर ००:०५, तिकिटाची तारीख शनि. २४ जाने. (घरून शुक्र. २३ ला रात्री). कन्फर्म.
> मुक्काम: देवबाग, ३ खोल्या, २४ व २५ च्या रात्री. १५,००० पैकी ६,००० दिले.
> परत: याच सहा जणांची कोकणकन्या, कुडाळ, सोम. २६. आरएसी, चढता येईल, झोपायची खात्री नाही.
>
> लटकलंय
> १. ताई, भाऊजी, मुलगा यांचं जायचं तिकीट २३ तारखेचं आहे, २४ चं हवं. आज-उद्याच. भाऊजी.
> २. आत्या येणार का? २० डिसें. पर्यंत. ताई फोन करेल.
> ३. ताई-भाऊजींचं परतीचं वेटिंग आहे. थांबायचं की बस? १० जाने. भाऊजी.
> ४. कुडाळ ते देवबाग गाडी: कोण, किती पैसे? १ आणि २ ठरल्यावर. वहिनी.
> ५. नाश्ता दरात आहे का? वहिनी.
> ६. स्कूबा कोण करणार? तिथे गेल्यावरही चालेल.
>
> सोडलं
> स्वतःच्या गाड्या (चालवणारे दोघंच). विमान (दर). एमटीडीसी (भरलेलं). बस (मुलीला लागते, इतरांना चालेल). वेंगुर्ला (चर्चा झाली नाही, देवबाग ठरलं).
>
> कुणी विचारलं नव्हतं, पण
> सोमवारी दिवसभर सामान कुठे? सोमवारी मासे न खाणाऱ्यांचं जेवण?

पीएनआर नंबर या मेसेजमध्ये टाकलेले नाहीत. ज्यांना हवेत त्यांना ग्रुपवरचे फोटो आहेतच. वरची तारीख आणि वेळ मात्र गाळू नका. पुढे कुणी ‘यात तर असं लिहिलंय’ म्हणालं तर तेव्हा काय माहीत होतं ते त्यावरून कळतं.

भाऊजींच्या तिकिटाची गोष्ट ग्रुपवर पहिल्यांदा जाहीर करण्याआधी त्यांना एकट्याला फोन करा. तिकिटाचा फोटो उघडून त्यांनाच तारीख वाचायला सांगा. सगळ्यांसमोर कळलं तर पुढची वीस मिनिटं तिकीट कसं चुकलं यावर जातील, आणि तेवढ्यात २४ च्या गाडीतल्या उरल्यासुरल्या जागाही कमी होतील. त्यांनी नवीन तिकीट काढल्यावर नोंद पाठवली तर पहिला मुद्दा लटकलेल्यांतून पक्क्यात गेलेला असेल, तेही त्याच तारखेने लिहिता येईल. मात्र जुनं तिकीट नवीन हातात आल्यावरच रद्द करायचं, आधी नाही. २४ च्या गाडीत जागा नसेल तर ती तीन माणसं एक दिवस आधी पोचून देवबागला एक रात्र जास्त राहतील, हाही पर्याय जुन्या तिकिटामुळेच उरतो.

मेसेज पाठवला की तो पिन करा, तीस दिवसांसाठी. नंतर काही बदललं तर त्यावर चर्चा होऊ द्या, पण बदल त्याच मेसेजच्या नव्या प्रतीत करा आणि वरची तारीख बदला. पाठवल्यानंतर पंधरा मिनिटांपर्यंतच मेसेज दुरुस्त करता येतो, त्यामुळे त्यानंतर नवीन प्रत पाठवून ती पिन करावी लागते आणि जुनीची पिन काढावी लागते. दोन प्रती पिन राहिल्या तर काका हमखास जुनीवर अंगठा देणार. १० जानेवारीला, आणि मग निघायच्या दोन दिवस आधी, पक्क्याच्या रकान्यातले सगळे पीएनआर पुन्हा तपासा. मधल्या काळात आरएसीचं कन्फर्म झालेलं असू शकतं, आणि मालकीणबाईंना एकदा फोन केला की गाडीचं आणि नाश्त्याचंही विचारून होतं.